फ्रिजमधून टेबलावर: केकचा घाम, मऊपणा आणि वेळेचं गणित

फ्रिजमध्ये ठेवलेला आयसिंगचा केक साधारण ४ अंश सेल्सिअसवर असतो. तो बाहेर काढला की त्याच्यात एकाच वेळी दोन बदल सुरू होतात. बाहेरून त्याच्यावर पाण्याचे बारीक थेंब धरतात, म्हणजे केकला घाम सुटतो. आत थंडीने घट्ट झालेलं लोणी हळूहळू सैल होऊ लागतं आणि केक मऊ होतो. पहिला बदल नको असतो, दुसरा हवा असतो. शिवाय दोघांचा वेग वेगळा आहे. घाम पहिल्या काही मिनिटांतच येतो, तर मऊपणा मधल्या भागापर्यंत पोचायला तास-दोन तास लागतात. केक फ्रिजमधून कधी काढायचा, झाकून ठेवायचा की उघडा, पंखा लावायचा की नाही, हे सगळे प्रश्न या दोन वेगांचा मेळ घालण्याचे आहेत.

घाम येतो कुठून

केकवरचं पाणी केकमधून बाहेर येत नाही. ते खोलीतल्या हवेतलं असतं. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून ओल धरते, तोच हा प्रकार. हवेत नेहमीच थोडी वाफ असते, आणि हवा जितकी गार तितकी वाफ धरून ठेवण्याची तिची ताकद कमी. गार पृष्ठभागाला टेकलेली हवा एका ठरावीक तापमानाखाली गेली की जास्तीची वाफ पाणी होऊन तिथेच बसते. या तापमानाला दवबिंदू म्हणतात. केकचा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा गार असेपर्यंत पाणी साठत राहतं. त्याच्या वर गेला की साठणं थांबतं आणि आधी बसलेलं पाणी उडू लागतं.

म्हणून घामाचा अंदाज बांधताना खोली किती गरम आहे यापेक्षा हवा किती दमट आहे हे पाहावं लागतं. मुंबईत जुलैमध्ये खोलीत २९ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू सुमारे २५ अंशांवर असतो. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ३६ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू १० अंशांच्या आसपास उतरतो. पुण्यातली खोली जास्त तापलेली असली तरी तिथल्या केकला थोडाच घाम येतो, कारण त्याचा पृष्ठभाग लवकरच १० अंशांच्या पुढे जातो. मुंबईतल्या केकला मात्र जवळजवळ खोलीइतकं गरम होईपर्यंत घाम येतच राहतो.

आपल्या खोलीचा दवबिंदू घरीही मोजता येतो. स्टीलच्या पेल्यात साधं पाणी घ्यावं, त्यात स्वयंपाकघरातला थर्मामीटर ठेवावा आणि बर्फाचे छोटे तुकडे एकेक करून घालत ढवळत राहावं. पेल्याची बाहेरची चकाकी जिथे पहिल्यांदा मंद होते, तिथलं तापमान म्हणजे दवबिंदू. मोजमाप थोडं ढोबळ होतं, पण केकपुरतं ते पुरेसं आहे.

घाम सुटण्याचा आणखी एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि ती थेट आयसिंगच्या वरच्या थराला मिळते. त्यामुळे दमट हवेत उघडा ठेवलेला केक नुसता ओला होत नाही, तर वरून लवकर ढिलाही पडतो. आत गोठलेला आणि वर पाघळलेला केक पावसाळ्यात जास्त दिसतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

खोका न उघडण्याचं कारण

घामावरचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे केक खोक्यासकट बाहेर काढणं आणि तो गरम होईपर्यंत खोका न उघडणं. एक किलोच्या केकसाठी वापरला जाणारा बारा इंची खोका घेतला, तर केक वजा जाता त्यात साधारण १५ लिटर हवा उरते. ही हवा फ्रिजमधलीच, म्हणजे गार असल्यामुळे तिच्यात वाफ फारच थोडी असते. १५ लिटरमध्ये ती जास्तीत जास्त एक दशांश ग्रॅम भरेल. खोका नीट बंद असेल तर केकवर बसायला यापेक्षा जास्त पाणी मिळतच नाही. खोलीतल्या हवेतलं पाणी खोक्याच्या बाहेरच्या अंगावर बसतं आणि आतला केक कोरडा राहून गरम होतो.

उघड्या केकभोवतीची हवा मात्र सतत बदलत असते. एका थराने पाणी सोडलं की त्याची जागा दुसरा दमट थर घेतो. पंखा चालू असेल तर हे आणखी झपाट्याने होतं आणि अर्ध्या तासात काही ग्रॅम पाणी सहज जमतं. म्हणजे घाम वाळावा म्हणून गार केकवर पंखा सोडला तर घाम वाढतो. पृष्ठभाग दवबिंदूच्या वर गेल्यानंतरच पंख्याचा उपयोग होतो, कारण तेव्हा तोच वारा पाणी उडवून नेतो.

दुकानातले पुठ्ठ्याचे खोके पूर्ण हवाबंद नसतात. त्यांच्या कडांना फटी असतात आणि वरच्या पारदर्शक खिडकीचे कोपरे सुटलेले असतात. फटींवर चिकटपट्टी लावली किंवा सगळा खोका मोठ्या प्लास्टिक पिशवीत घालून तिचं तोंड बांधलं, तर उणीव भरून निघते. हे काम केक फ्रिजमध्ये ठेवतानाच करावं. बाहेर काढल्यावर पिशवी चढवली तर तिच्याबरोबर खोलीतली दमट हवाही आत जाते. आधी केलेल्या बांधणीचा दुसरा फायदा असा की फ्रिजमधल्या कांद्या-लसणाचा वास लोण्याला लागत नाही. लोणी असे वास फार लवकर ओढून घेतं.

थंड केक कडक का लागतो

आता आतल्या बदलाकडे. बटरक्रीम म्हणजे लोणी आणि पिठीसाखर एकत्र फेसून केलेलं आयसिंग. लोण्यातली चरबी एकाच तापमानाला वितळत नाही. ४ अंशांवर तिचा मोठा भाग घट्ट स्फटिकांच्या रूपात असतो, म्हणून फ्रिजमधून काढलेलं बटरक्रीम सुरीखाली तडकतं आणि जिभेवर मेणासारखं बसतं. १८ ते २२ अंशांच्या दरम्यान काही स्फटिक टिकून असतात आणि बाकीची चरबी पातळ झालेली असते. अशा वेळी आयसिंग आकार धरून ठेवतं, पण तोंडात लगेच विरघळतं. २५ अंशांच्या पुढे पाकळ्यांच्या कडा बोथट व्हायला लागतात, आणि ३५ अंशांच्या सुमाराला चरबी जवळजवळ पूर्ण वितळते.

आतल्या स्पंजचंही असंच असतं, पण तो कशात केला आहे यावर बरंच अवलंबून आहे. लोण्यातला स्पंज फ्रिजमध्ये दगडासारखा होतो आणि गरम झाला की पुन्हा मोकळा होतो. तेलातला स्पंज ४ अंशांवरही बऱ्यापैकी मऊ राहतो, कारण स्वयंपाकाचं सूर्यफूल किंवा सोयाबीन तेल त्या तापमानाला गोठत नाही. याशिवाय भाजलेल्या पिठातला स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा घट्ट बांधला जातो, आणि फ्रिजच्या तापमानाला हे सर्वांत वेगाने घडतं. खोलीत ठेवल्याने हा शिळेपणा पूर्ण जात नाही. म्हणून दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये राहिलेला केक कितीही वेळ बाहेर ठेवला तरी ताज्यासारखा लागत नाही.

चवीचा प्रश्न वेगळा आहे. गार पदार्थातले सुगंधी घटक हवेत कमी उडतात, आणि जिभेला गोडीही कमी जाणवते. व्हॅनिला, लोणी, चॉकलेट यांची चव मुख्यतः वासातून कळते. त्यामुळे बटरक्रीमचा केक थेट फ्रिजमधून खाल्ला तर फिका आणि तुपट लागतो, आणि तोच दोन तासांनी खाल्ला तर गोड आणि सुगंधी लागतो.

कोणत्या आयसिंगला किती ऊब

वरचं सगळं बटरक्रीमला लागू आहे. व्हिप्ड क्रीमच्या केकला हेच नियम लावले तर केक बिघडतो. फेसलेल्या क्रीममध्ये हवेचे बुडबुडे घट्ट चरबीच्या जाळीने धरलेले असतात. जाळी सैल पडली की बुडबुडे फुटतात, पाणी खाली उतरतं आणि थर बसतो. दुधाच्या क्रीमचा केक ५ ते १० अंशांवरच खायचा असतो. बहुतेक केकशॉपमध्ये वापरली जाणारी वनस्पती चरबीची क्रीम थोडी अधिक तग धरते, पण उकाड्यात तीही टिकत नाही. या तापमानाला पृष्ठभाग दवबिंदूच्या खालीच असतो, त्यामुळे दमट हवेत अशा केकला घाम येणारच. तो टाळता येत नाही, फक्त त्याला वेळ कमी द्यायचा. अननस किंवा ब्लॅक फॉरेस्टचा केक कापण्याआधी जेमतेम १० ते १५ मिनिटं बाहेर काढावा. त्याचा स्पंज बहुधा तेलातला आणि साखरेच्या पाकात भिजवलेला असतो, म्हणून गार असतानाही तो मऊच लागतो आणि आत ऊब पोचण्याची वाट पाहावी लागत नाही.

गनाश म्हणजे चॉकलेट आणि क्रीम यांचं मिश्रण. तेही फ्रिजमध्ये आवळतं आणि २० अंशांच्या आसपास रेशमी होतं, म्हणून त्याला बटरक्रीमसारखंच वागवावं. फक्त चकचकीत गनाशवर घामाचे डाग फार उठून दिसतात. फॉन्डंट ही लाटून पसरलेली साखरेची चादर असते. साखर पाणी ओढते, म्हणून घाम आलेला फॉन्डंट चिकट आणि तेलकट दिसू लागतो, आणि त्यावर बोट टेकलं तर ठसा राहतो.

ओलसर हवेतला एक हिशेब

बटरक्रीमच्या केकला एका विशिष्ट पट्ट्यातलं तापमान लागतं. पृष्ठभाग दवबिंदूच्या वर हवा, नाहीतर घाम. आणि २४-२५ अंशांच्या खाली हवा, नाहीतर आकार बिघडतो. मुंबईत जुलैमध्ये एसी नसलेल्या खोलीत दवबिंदूच २५ अंश असतो, म्हणजे हा पट्टा शिल्लकच राहत नाही. केक कोरडा होईपर्यंत तो ढिला पडलेला असतो. अशा घरात वाट पाहून काही साधत नाही. तिथे एकतर व्हिप्ड क्रीमचा केक घेऊन लगेच कापावा, किंवा बटरक्रीमचा केक एसीच्या खोलीत ठेवावा. एसी हवा गार करतो आणि तिच्यातलं पाणीही काढून टाकतो. खोली २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रतेवर आली की दवबिंदू १४ अंशांच्या जवळ उतरतो, आणि १४ ते २४ असा दहा अंशांचा पट्टा मोकळा होतो. पुण्यात जानेवारीच्या संध्याकाळी तो एसीशिवायही मिळतो.

ठाण्यातल्या एका फ्लॅटचं उदाहरण घेऊ. जुलै महिना आहे, संध्याकाळी सात वाजता वाढदिवस आहे, आणि केक एक किलोचा, आठ इंची, चॉकलेट स्पंज आणि बटरक्रीमचा आहे. आदल्या रात्री तो खोक्यात घालून, खोका पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवलेला आहे. दुपारी चार वाजता बेडरूमचा एसी २४ अंशांवर लावून दार बंद करावं, म्हणजे खोली आधी कोरडी होते. साडेचारला केक पिशवी न सोडता तिथे आणून टेबलावर ठेवावा. एसीचा झोत थेट खोक्यावर नसावा आणि खिडकीतून ऊन येत नसावं.

पहिल्या अर्ध्या तासात पिशवीला बाहेरून ओल धरते. ही ओल वाळून गेली आणि पिशवी हाताला खोलीइतकीच लागू लागली, की आतला पृष्ठभागही दवबिंदूच्या वर येत चालला आहे असं समजायला हरकत नाही. याला साधारण एक तास लागतो. तरीही घाई न करता साडेसहापर्यंत बांधणी तशीच ठेवावी, कारण मधला भाग अजून गार असतो. साडेसहाला पिशवी काढून खोका उघडावा. केकच्या मागच्या बाजूला, खालच्या कडेशी थर्मामीटरची सुई दोन इंच आत घालून पाहावी. १६ ते २० अंश दाखवले तर केक तयार आहे. थर्मामीटर नसेल तर मागच्या कडेच्या आयसिंगवर सुरीचं टोक हलकं दाबावं. टोक न तडकता रुतलं तर लोणी योग्य तेवढं सैल झालं आहे.

पाहुणे सातला येतात असं धरलं तरी केक साडेसातच्या आधी क्वचितच कापला जातो. औक्षण, मेणबत्त्या, फोटो यांना वेळ लागतो, आणि हा सगळा वेळ केक दिवाणखान्यात असतो. तिथे एसी नसेल तर या वेळेचा हिशेब आधीच करायला हवा. केक शक्य तितका उशिरा, औक्षणाची तयारी झाल्यावरच बाहेर आणावा. १८ अंशांचा केक २५ अंश दवबिंदूच्या हवेत आला की त्याला पुन्हा घाम येऊ लागतो, पण १५-२० मिनिटांत तो फारसा दिसत नाही.

कापण्याची वेळ थोडी आधी साधली तर ते फायद्याचंच ठरतं. किंचित गार केकचे तुकडे स्वच्छ पडतात. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून एक काप घ्यावा आणि पुन्हा पुसावी. डिशमध्ये वाढलेला तुकडा सगळ्या बाजूंनी उघडा असल्याने १५-२० मिनिटांत खाण्याजोगा मऊ होतो. वेळ कमी पडला आणि अख्खा केक आत गारच राहिला, तर हाच मार्ग उरतो. मायक्रोवेव्हमध्ये केक गरम करू नये. त्यात आयसिंग आधी वितळतं आणि स्पंज मागे राहतो.

घाम आलाच तर

थेंब दिसले म्हणून ते पुसायला जाऊ नये. पुसल्याने आयसिंग ओढलं जातं आणि रंग पसरतात. एखादा मोठा थेंब ओघळण्याच्या बेतात असेल तर टिश्यू पेपरचं टोक त्याला नुसतं टेकवावं. बाकीचं पाणी एसीच्या खोलीत, केक पुरेसा गरम झाल्यावर, मंद पंख्याखाली आपोआप उडतं. फॉन्डंट वाळल्यावर थोडा चमकदार दिसतो, पण त्याचा चिकटपणा जातो. केक पुन्हा फ्रिजमध्ये ठेवणं हा यावरचा उपाय नाही. बाहेर काढल्यावर घाम दुप्पट होऊन परततो.

काही नुकसान मात्र भरून येत नाही. गडद लाल, काळे आणि निळे खाद्यरंग पाण्यात विरघळून पांढऱ्या आयसिंगवर ओघळतात. केकवरचा छापील फोटो साखरेच्या पातळ कागदावर असतो, त्यामुळे ओल लागली की चेहरा फिसकटतो. चॉकलेटच्या पानाफुलांवर पाणी बसून वाळलं की विरघळलेली साखर करड्या पापुद्र्यासारखी वर राहते. ती खाल्ली तरी चालते, पण शोभा जाते. असा फोटो किंवा अशी सजावट केक खोक्यातून काढल्यानंतरच लावायचं ठरवलं तर हा प्रश्न उरत नाही.

किती वेळ बाहेर चालतो

मऊपणासाठी बाहेर ठेवण्याला सुरक्षिततेची मर्यादा आहे. ताजी क्रीम, कस्टर्ड, क्रीम चीज किंवा कापलेली ताजी फळं असलेला केक बाहेर एकंदर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि खोली ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाच्या आत संपवावा किंवा फ्रिजमध्ये ठेवावा. वरचं आयसिंग बटरक्रीमचं असलं तरी आत आंब्याचे तुकडे आणि क्रीम असेल, तर आतल्या थराचा नियम लागू होतो. नुसतं लोणी आणि भरपूर साखर असलेलं बटरक्रीम जास्त सहनशील असतं, कारण इतक्या साखरेत जंतूंना वाढायला मोकळं पाणी मिळत नाही. म्हणूनच ठाण्याच्या उदाहरणातला केक एसीच्या खोलीत तीन तास ठेवता येतो. क्रीमच्या केकला तेवढी मुभा नाही.

उरलेला केक ठेवताना कापलेल्या बाजूला प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवावा, म्हणजे स्पंज सुकत नाही, आणि सगळा केक डब्यात बंद करावा. दुसऱ्या दिवशी अख्खा केक बाहेर काढण्यापेक्षा लागतील तेवढे तुकडे झाकलेल्या डब्यात अर्धा तास ठेवावेत आणि मग डबा उघडावा. बाकीचा केक फ्रिजमधून हलवूच नये. दर वेळी गरम-गार होताना त्याच्यावर नव्याने ओल बसते आणि आयसिंगचा पोत खराब होत जातो.